सोसायटी, खाजगी डेअरी की रतीब: लिटरमागे हातात नेमकं किती पडतं

दोनचार जनावरं सांभाळणारा माणूस कधी ना कधी हा हिशोब करतोच, की घरोघरी रतीब घातला तर लिटरला एवढे मिळतात, डेअरीला घातलं तर त्याच्या निम्म्याच्या थोडं वर, मग आपण डेअरीला दूध घालतोच कशाला. मी पण केला होता, आणि त्या हिशोबावर सगळं दूध रतीबाला वळवलं होतं. सात महिन्यांत परत अर्धं दूध सोसायटीत घालायला लागलो. भाव मी बरोबर धरला होता, चुकलं ते हे की मी *विकलेल्या* लिटरचा भाव बघत होतो आणि गाय मात्र रोज दूध देते, विकलं जावो न जावो. म्हणून इथे सगळी तुलना एकाच मापाने करतो: गोठ्यात जेवढं दूध निघालं त्या प्रत्येक लिटरमागे, सगळं वजा जाता, हातात किती आलं आणि किती दिवसांनी आलं.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून रतीबाचा भाव १०० धरू. हे १०० कुठल्या चलनातले नाहीत, फक्त माप आहे. बाकी सगळे भाव त्याच्या तुलनेत. तुमच्याकडचे खरे आकडे याच जागी घालून बघा, उत्तर वेगळं येईल पण रीत तीच राहील. दूध रोज सरासरी २० लिटर, महिन्याचे ६०० लिटर.

आधी सोसायटी, कारण बाकीच्या दोघांना मोजायला तीच फूटपट्टी आहे

सहकारी संस्थेत तुम्ही सभासद असता. दूध घालता, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात उरणारा घन भाग, बघून दरपत्रकाप्रमाणे भाव लागतो, १० किंवा १५ दिवसांचं बिल निघतं, आणि वर्षअखेर संस्थेला जे उरतं त्यातून सभासदाला घातलेल्या दुधाप्रमाणे फरक मिळतो. समजा दरपत्रकाचा भाव ६२ आणि फरक लिटरमागे ३, म्हणजे खरा भाव ६५. हा ३ बरेच जण विसरतात कारण तो वर्षातून एकदाच येतो, आणि खाजगीवाला दारात येऊन "दादा, मी ६४ देतो की" म्हणाला की ६२ शी तुलना करून लगेच दूध वळवतात. पण फरकाला अट असते हे पण लक्षात ठेवा. वर्षात अमुक दिवस किंवा अमुक लिटर दूध घातलंच पाहिजे, तरच तुम्ही पात्र. बाहेर भाव चढला की बाहेर आणि पडला की सोसायटीत असं केलं तर तो ३ गेला असंच समजा. पोटनियमात ही अट लिहिलेली असते, सचिवाला विचारून एकदा वाचून घ्या.

दुसरी गोष्ट कपातीची. बिलात पशुखाद्य, औषध, जनावराच्या कर्जाचा हप्ता, शेअर, असं कापून जे खाली उरतं ते बघून लोक म्हणतात सोसायटी भावच देत नाही. पण पेंडीची पोती तुम्ही घेतलेली असतात, ती कुठेही घेतली असती तरी पैसे गेलेच असते. तुलना करताना कपातीच्या *आधीचा* आकडा घ्यायचा, नाहीतर सोसायटी उगाच बदनाम होते. उलट ते खाद्य उधारीवर मिळालं हा फायदाच आहे, पैसे हातात यायच्या आधी जनावराच्या पोटात गेले. फक्त पोत्याचा भाव बाहेरच्या दुकानापेक्षा जास्त लावलाय का ते तपासा, तिथे मात्र पैसा खरोखर निसटतो.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, सोसायटी दूध नाकारत नाही. म्हणजे आंबट लागलं, नासलं, पाणी निघालं तर नाकारते, पण "आज दूध जास्त झालं, नको" असं सहसा म्हणत नाही, कारण सभासदाचं दूध घ्यायचं म्हणूनच ती उभी केलेली असते. हिरवा चारा भरपूर, बऱ्याच गाई एकदम व्यालेल्या, अशा दिवसांत सगळीकडेच दूध वाढतं आणि खप मात्र तेवढाच राहतो. त्या जादा दुधाची पावडर आणि लोणी करायची सोय ज्या संघाकडे आहे तो ते पचवतो. सोय नसेल किंवा पावडरीचा भाव पडला असेल तर सहकारी संघ पण भाव उतरवतो, कधी एखाद्या दिवसाचा खाडा पण करतो, हे खरं आहे. पण त्या मंदीत दूध घेणारा शेवटचा माणूस बहुतेक तोच असतो.

फॅट, डिग्री आणि भावातली ती दोनतीन टक्के जी कुणाला दिसत नाहीत

सोसायटी असो की खाजगी, भाव काट्यावर आणि नमुन्याच्या फॅट-डिग्रीच्या आकड्यावर ठरतो, फलकावरच्या भावावर नाही. फलकावरचा भाव हा ठराविक फॅट आणि एसएनएफसाठीचा असतो, त्याच्या खाली गेलात की पॉइंटमागे कापतात. फॅट मोजायची सोपी चाचणी १८९० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये स्टीफन बॅबकॉकने शोधली, तोवर दूध नुसतं मापावर घेतलं जायचं आणि पाणी घालणाऱ्याला आणि न घालणाऱ्याला भाव सारखाच. म्हणजे ही चाचणी खरं तर आपल्याच बाजूची आहे, पण ती नीट झाली तर.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. सकाळची धार लवकर उरकून मी घाईने केंद्रावर पहिल्या नंबरला जायचो, दूध अजून कोमट. लॅक्टोमीटर लावून डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, बघितली की २६, कधी २६.५. त्याच गाईचं संध्याकाळचं दूध २८. दोन महिने मला वाटलं सकाळी माणूस मुद्दाम कमी लिहितो, एकदा भांडलो पण. मग केंद्रावरच्या एका म्हाताऱ्या काकांनी माझ्या हातात लॅक्टोमीटर दिला, म्हणाले, "बाळा, दूध गार होऊ दे, मग बघ." बादली पाण्यात ठेवली, अर्ध्या तासाने परत लावला, २८ ला थोडा कमी. कोमट दूध पातळ असतं, लॅक्टोमीटर जास्त बुडतो, डिग्री कमी दिसते. साधारण एका अंशामागे ०.२ चा फरक धरतात, म्हणजे यंत्र ज्या तापमानाचं आहे त्यापेक्षा दूध ८ अंश गरम असेल तर दीड डिग्री तिथेच गेली. तापमान मोजून दुरुस्ती लावायची असते, पण गर्दीत कोण लावतो.

डिग्रीवरून एसएनएफ काढायचं सूत्र पण एकच नाही. दोन सूत्रं वापरात दिसतात:

एसएनएफ = (डिग्री ÷ ४) + (०.२१ × फॅट) + ०.३६
एसएनएफ = (डिग्री ÷ ४) + (०.२५ × फॅट) + ०.४४

डिग्री २८ आणि फॅट ४.० असलेलं तेच दूध पहिल्या सूत्राने ८.२० आणि दुसऱ्याने ८.४४ निघतं. दरपत्रकाची पायरी जर ८.३ ला असेल तर एका ठिकाणी तुम्हाला पूर्ण भाव आणि दुसऱ्या ठिकाणी कापलेला. म्हणून दोन डेअऱ्यांचे फलक शेजारी ठेवून तुलना करू नका. एकाच दिवशी, एकाच बादलीतलं नीट ढवळलेलं दूध दोन्हीकडे घाला आणि पावतीवर लिटरला किती पडले ते बघा. असं चारपाच दिवस केलं की खरा भाव कळतो. ढवळलेलं हे महत्वाचं, कारण साय वर येते आणि नमुना वरून घेतला की खालून घेतला यावर फॅट हलते.

आणखी एक, काटा किलोचा आहे की लिटरचा? दुधाचं एक लिटर साधारण १.०३ किलो भरतं. २० लिटर दूध काट्यावर २०.६ किलो दाखवतं. भाव लिटरचा असेल तर किलोला १.०३ ने भागलं पाहिजे, आणि भाव किलोचा असेल तर भागायला नको. भाव किलोचा आणि नोंद मात्र लिटरात झाली तर ३ टक्के तुमचे गेले, रोज, कायमचे. पावतीवर कुठलं एकक आहे ते एकदा वाचा एवढंच.

खाजगी डेअरी: भाव चढा असतो तेव्हा दूध कमी असतं

खाजगीचा भाव सोसायटीपेक्षा वर-खाली जास्त होतो. टंचाईत त्यांना दूध पाहिजेच असतं, पाकीट भरायचं असतं, तेव्हा ते ६६ देतील, दारातून उचलतील, बिल आठवड्याला देतील. भरपूर दुधाच्या दिवसात तोच माणूस ५६ वर येतो. आता लोक काय करतात, ८ महिने ६६ आणि ४ महिने ५६, सरासरी जवळपास ६२.७, म्हणजे सोसायटीएवढंच झालं की, असं म्हणतात. पण असं होत नाही, कारण तुमच्या गोठ्यात पण दूध त्याच ४ महिन्यांत जास्त असतं. समजा त्या ४ महिन्यांत रोज २६ लिटर आणि बाकीच्या ८ महिन्यांत १७. वर्षाची सरासरी २० च येते, बघा करून. पण पैसे? २६ लिटर ५६ ने आणि १७ लिटर ६६ ने, ४ आणि ८ महिन्यांच्या हिशोबाने जोडले की लिटरमागे ६१.७ पडतात. चढा भाव कमी लिटरला आणि पडका भाव जास्त लिटरला लागला. सोसायटीचा भाव पण मंदीत थोडा हलतोच, पण एवढा हलत नाही, आणि वर तो ३ चा फरक आहे.

म्हणजे खाजगी वाईट असं नाही. ज्याच्या गाई टंचाईच्या दिवसात व्यालेल्या असतात, ज्याने रेतनाच्या तारखा तशा जुळवल्यात, त्याला खाजगीचा भाव खरंच जास्त पडतो. वर सांगितलेला हिशोब उलटा होतो. आणि जिथे सोसायटीच नाही, किंवा आहे पण कारभार सडलेला आहे, बिल महिना महिना निघत नाही, तिथे दारातून दूध उचलणारा खाजगीवालाच बरा.

पण खाजगीला दूध सुरू करायच्या आधी दोन प्रश्न विचाराच. पहिला, जादा दुधाचं तुम्ही काय करता? पावडरचा प्लँट आहे, चीज आहे, की नुसती पाकिटं? नुसती पाकिटं विकणारा माणूस भरपूर दुधात तुमचं दूध कमी करणारच, त्याचा दोष नाही, त्याच्याकडे ठेवायला जागाच नाही. दुसरा, पैसे देणं कुणावर आहे? पावतीवर डेअरीचं नाव आहे की मधल्या संकलकाचं? बऱ्याच ठिकाणी डेअरी संकलकाला देते आणि संकलक तुम्हाला, मग एक दिवस डेअरी म्हणते आम्ही तर दिले, संकलक म्हणतो मला मिळाले नाहीत, आणि तुमच्याकडे वहीतल्या पेन्सिलीच्या आकड्यांशिवाय काही नसतं. छापील किंवा मोबाईलवर येणारी पावती, त्यावर डेअरीचं नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, भाव, ह्या पाच गोष्टी नसतील तर ६६ काय आणि ७० काय.

पैसे किती दिवसांनी, आणि किती अडकलेत

इथे मला सगळ्यात जास्त धडा मिळाला म्हणून जरा थांबून सांगतो.

सोसायटीचं बिल १० दिवसांचं आणि बंद झाल्यावर ६ दिवसांनी जमा होतं असं धरा. पहिल्या दिवशी घातलेल्या दुधाला १५ दिवस थांबायला लागतं, शेवटच्या दिवशीच्याला ६, सरासरी साडेदहा दिवस. खाजगीचं बिल ७ दिवसांचं आणि ३ दिवसांनी, सरासरी ६ दिवस. आणि रतीब? महिना भरला की पैसे, आणि तेही ५ तारखेपासून १० तारखेपर्यंत गोळा होत राहतात. महिन्यातलं सरासरी दूध १४-१५ दिवस आधी घातलेलं, वर आठवडाभर, म्हणजे २१-२२ दिवस. लोकांना वाटतं रतीब म्हणजे रोख. रतीब ही तिघांत सगळ्यात लांब उधारी आहे.

या उधारीचं व्याज मोजलं तर फार मोठं निघत नाही. पेंड महिना २ टक्क्यांनी उधार आणत असाल तर रतीबात लिटरमागे साधारण १.४ जातात, सोसायटीत अर्ध्याहून कमी. १०० आणि ६२ च्या अंतरात ते दिसत पण नाही. त्रास व्याजाचा नाही, खंडाचा आहे. रतीब नवीन सुरू केलात की पहिले ३५-३७ दिवस हातात शून्य येतं आणि गाय रोज खाते. माझं नेमकं तेच झालं, दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेंडीवाल्याने हात वर केले, मी खुराक कमी केला, आठ दिवसांत दोन गाई मिळून अडीच लिटरने उतरल्या आणि खुराक परत वाढवला तरी ते सगळं दूध परत आलं नाही. म्हणून रतीब सुरू करायचा तर निदान ४० दिवसांच्या खाद्याचे पैसे आधी बाजूला ठेवा, किंवा एकदम सगळं दूध न वळवता थोडं थोडं वळवा.

दुसऱ्या बाजूने पण बघा. रतीबात पैसे जास्त दिवस अडकतात पण २० घरांत विखुरलेले असतात. एखादं घर न सांगता खोली सोडून गेलं तर एका घराचं महिन्याचं बिल बुडतं, लागतं पण मरत नाही माणूस. खाजगीत सगळे पैसे एकाच माणसाकडे. तो वेळेवर देतो तोवर उत्तम, १० दिवसांचेच अडकलेले असतात. पण त्याने दोन आठवडे "येतील, येतील" केलं की तुमचे २४ दिवसांचे पैसे एका ठिकाणी बसले, ते पण भरपूर दुधाच्या दिवसांतले.

अशी डेअरी अडचणीत आली की एकदम बंद पडत नाही, आधी खुणा दिसतात. तिसऱ्या दिवशी येणारं बिल पाचव्या दिवशी यायला लागतं, मग सातव्या. मग पूर्ण बिलाच्या जागी गोल आकडा येतो, बाकी पुढच्या वेळी. फोन घेणारा माणूस बदलतो. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे पैसे थकलेले असताना भाव *वाढतो*, आजूबाजूच्यांपेक्षा दोनतीनने जास्त, कारण त्याला दूध चालू राहिलेलं पाहिजे असतं. आमच्या ओळखीच्या दोघातिघांचं दूध असं एका डेअरीत महिनाभर जात राहिलं, वाढीव भावाच्या आशेने, आणि शेवटी जे थकलं ते थकलंच. मी स्वतःपुरता नियम केलाय, दोन बिलं थकली की तिसऱ्याचं दूध जाणार नाही, भाव काही का असेना. उचल घेतलेली असेल तर मात्र हे जमत नाही, म्हणून खाजगीकडून मोठी उचल घेताना दहा वेळा विचार करा. उचल म्हणजे उद्या दूध दुसरीकडे न्यायचा तुमचा हक्क तुम्ही आज विकला.

रतीब: १०० मधले किती उरतात

आता मुख्य हिशोब. २० लिटर सरासरी, पण रोज २० नसतं, कधी १६, कधी २३. एक गाय माजावर आली, एक कासदाहाने आजारी पडली, की उतरलं. घरांना तुम्ही तेवढंच कबूल करू शकता जेवढं वाईट दिवशी पण निघेल, म्हणजे १६. त्यातूनही "काका, आजपासून चार दिवस दूध नको, आम्ही बाहेर चाललोय" हे असतंच, म्हणून सरासरी खपतं १५. महिन्याचे ४५० लिटर. मापात धार थोडी जास्तच पडते, सांडतं, त्यात २ टक्के, म्हणजे गोठ्यातून ४५९ लिटर गेलं. उरलं १४१ लिटर.

४५० लिटरचे १०० ने ४५,०००. त्यात ३ टक्के बुडीत धरा, राहिले ४३,६५०. रोज दोन तास फिरायला लागतात, महिन्याचे ६० तास, तासाला निदान एका लिटरच्या भावाची मजुरी धरा, ६,०००. पेट्रोल १,५००. स्वतःची मजुरी कोण धरतं असं म्हणू नका, त्या दोन तासात वैरण कापून होते, नाहीतर तिला माणूस लावायला लागतो.

म्हणजे राहिले ३६,१५०. आता त्या उरलेल्या १४१ लिटरचं काय झालं यावर सगळं ठरतं. वाया गेलं, तर ३६,१५० ला ६०० ने भागा: लिटरमागे ६०. सोसायटीच्या ६५ पेक्षा कमी! तूप करून किंवा पडेल भावाने ३० ने गेलं तर लिटरमागे ६७, म्हणजे दोन तास रोज राबून सोसायटीपेक्षा २ जास्त. आणि तेच उरलेलं दूध सोसायटीने ६२ ने घेतलं तर लिटरमागे जवळपास ७५. फरक मी इथे धरला नाही कारण असं तुटक दूध घालून अट बहुतेक पूर्ण होत नाही.

तिन्ही वेळा रतीबाचा भाव १०० च होता. बदललं ते उरलेल्या दुधाचं ठिकाण. माझे पहिले सात महिने ६० आणि ६७ च्या मध्ये कुठेतरी गेले, कारण मी सोसायटीत जाणं पूर्ण बंद केलं होतं आणि उरलेलं दूध घेऊन अधूनमधून जायला लाज वाटायची.

रतीबात भरवसा आपल्याकडून पण द्यायला लागतो हे विसरू नका. डेअरीला एक दिवस ५ लिटर कमी गेलं तर कुणी विचारत नाही, घरी एक दिवस दूध नाही पोचलं तर वहिनी दुसऱ्या दिवशी पाकीट चालू करतात आणि परत येत नाहीत. प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलेल्या गाईचं दूध औषधावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत कुणालाच द्यायचं नाही, म्हणजे तेवढे दिवस रतीबाला दूध कमी, आणि तेव्हा पाणी घालून किंवा तेच दूध घालून वेळ मारून नेली तर तो रतीब टिकत नाही आणि टिकू पण नये, त्या घरात लहान मुलं पितात. दूध काढल्यापासून गार न करता दोनतीन तासात पोचलं पाहिजे, नाहीतर ४ अंशापर्यंत गार करायची सोय पाहिजे, तो खर्च मी वर धरलेला नाही. सरकारी नोंदणी, परवाना काय लागतो ते पण आपल्या भागात विचारून घ्या.

मी आता काय करतो

एकाच गल्लीतली, जाता-येता पडणारी दहाबारा घरं धरलीत, मिळून ८ लिटर. दोन गाई आटल्या तरी ८ निघतातच, त्यामुळे कुणाला नाही म्हणायला लागत नाही. पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ, आणि जेवढे दिवस घेतलं नाही तेवढे पुढच्या महिन्यात वळते. सुरुवातीला विचारताना अवघड वाटलं, पण एका काकूंनीच सांगितलं की महिनाअखेरीला बिल काढण्यापेक्षा हे बरं, हिशोब डोक्यात राहत नाही. तीन घरांनी नाही म्हटलं, ती सोडली. बाकीचं १२ लिटर रोज सोसायटीत, न चुकता, त्यामुळे फरकाला पण पात्र.

त्याच मापाने मोजलं तर: ८ लिटरचे महिन्याला २४० लिटर, २४,०००. सांडलवंड जाऊन सोसायटीला ३५५ लिटर, फरक धरून ६५ ने २३,०७५. फिरायला रोज अर्धा तास, १,५००, पेट्रोल ३००. राहिले ४५,२७५, लिटरमागे साडेपंचाहत्तर. १५ लिटर रतीब घालून रोज दोन तास फिरत होतो तेव्हा सगळं नीट जमलं असतं तरी ७५ च्या आतबाहेरच होतो. शिवाय आता रतीबाचे २४,००० महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हातात असतात, त्यातून पेंड रोखीने येते, आणि सोसायटीचं बिल आलं की चाऱ्याचं बघतो.

रतीब आठाचे दहा लिटर करावा का हे सध्या चाललंय. एक कालवड गाभण आहे, ती व्याल्यावर वाईट दिवशीचं दूध किती राहतं ते महिनाभर वहीत लिहून बघणार, मगच पुढच्या घराला हो म्हणेन.